‘मोफत’ की मोफत? मेलमधली अवतरणचिन्हं कधी काढायची

सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी सगळ्या सभासदांना हा मेल पाठवला होता:

> विषय: ‘महत्त्वाची’ सूचना
>
> सर्व ‘सन्माननीय’ सभासदांस,
>
> येत्या रविवारी सकाळी ८ ते दुपारी २ या वेळेत दोन्ही टाक्यांची ‘सफाई’ होणार असल्यामुळे पाणीपुरवठा बंद राहील. त्या काळात टँकरची ‘मोफत’ सोय केली आहे. ज्यांचा ‘मेंटेनन्स’ थकला आहे त्यांनी तो ‘ताबडतोब’ भरावा. समितीने ‘एकमताने’ ठरवल्याप्रमाणे १० तारखेनंतर व्याज आकारले जाईल. ऑनलाइन भरताना ‘Remarks’ या रकान्यात फ्लॅट क्रमांक लिहावा. पावती ‘ऑफिस’मध्ये मिळेल. सर्वांचे ‘सहकार्य’ अपेक्षित आहे.

अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं उत्तर आलं: “सेक्रेटरीसाहेब, आम्ही सन्माननीय आहोत की नाही ते समितीत एकदा ठरवून घ्या.” संध्याकाळी समितीतल्याच एकांचा फोन. ते म्हणाले, “एकमताने हा शब्द अवतरणात टाकलात ते उत्तम केलंत. मी विरोध केलाच होता.”

मला दोन्ही ठिकाणी टोमणा मारायचा नव्हता. शब्द जरा उठून दिसावेत एवढंच मनात होतं. मग लोकांना तो टोमणा का वाटला, याचा शोध घेता घेता मेल पाठवण्याआधी तपासायची एक पद्धत बसली. तीच इथे सांगतो, आणि उदाहरणाला हाच मेल घेतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं नाक कापायला नको.

शाळेतला नियम आणि वर्तमानपत्राची सवय

आपण हे चिन्ह इतक्या सढळ हातानं का वापरतो, याचं कारण शाळेच्या व्याकरणात आहे. तिथे दुहेरी अवतरणचिन्ह बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे देण्यासाठी, आणि एकेरी अवतरणचिन्ह ‘एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असता’ असं शिकवलं जातं. स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांतही हेच वाक्य थोड्याफार फरकानं सापडतं. म्हणजे ‘ताबडतोब’ लिहिणारा माणूस चुकत नाही, शिकवलेलं पाळतो आहे.

वाचणाऱ्याची सवय मात्र वेगळ्या ठिकाणी घडलेली असते. रोजच्या वर्तमानपत्राच्या मथळ्यात एकेरी अवतरण दिसलं की आपण ओळखतो, हे बातमीदाराचे शब्द नाहीत, कुणाचा तरी दावा आहे, किंवा इथे कोटी केली आहे, किंवा चिमटा काढला आहे. ‘स्वच्छ’ कारभार, ‘समाजसेवक’ नेते. वर्षानुवर्षं असं वाचल्यावर डोळा त्या चिन्हाकडे संशयानंच बघतो. लिहिणारा शाळेच्या नियमानं लिहितो, वाचणारा मथळ्याच्या सवयीनं वाचतो, आणि मेलमध्ये आवाज नसल्यामुळे मधली गफलत तशीच राहते. समोरासमोर ‘सन्माननीय’ म्हणताना चेहरा दिसला असता तर काकूंनी उत्तर लिहिलंच नसतं.

मुळात हे चिन्ह, आणि एकूणच विरामचिन्हं, मराठी लिखाणात इंग्रजीच्या वळणानं आली. ती रूढ करण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कोशकार मेजर कँडी यांना दिलं जातं. त्याआधीची मोडी पत्रं शब्दसुद्धा न तोडता लिहिली जायची आणि तरी जोर द्यायचा तिथे दिला जायचा. तो कसा, ते पुढे येईलच.

म्हणे-कसोटी

अवतरणातला शब्द ठेवायचा की सोडवायचा, हे ठरवायला मी एकच कसोटी लावतो. अवतरण पुसायचं आणि शब्दानंतर ‘म्हणे’ घालून वाक्य मोठ्यानं वाचायचं. संशयी अवतरण जे काम करतं ते मराठीत ‘म्हणे’ कितीतरी आधीपासून करत आलं आहे, त्यामुळे कान लगेच निवाडा देतो.

टँकरची मोफत म्हणे सोय केली आहे. सन्माननीय म्हणे सभासदांस. सहकार्य म्हणे अपेक्षित आहे. वाचल्यावर स्वतःलाच लाज वाटली तर वाचणाऱ्यालाही नेमकं तेच ऐकू आलं असणार. अवतरण काढा.

‘म्हणे’ घालून वाक्य खवचट होत नाही, नुसतं निरर्थक होतं, तर बहुधा ते चिन्ह खरोखर कामाचं असतं. ‘Remarks’ म्हणे या रकान्यात, याला काही अर्थच नाही. तिथे अवतरण वाचणाऱ्याला सांगतं की ही अक्षरं पडद्यावर अशीच दिसतील, ती शोधा. ते राहू द्यावं.

कसोटी एका ठिकाणी तोकडी पडते. परक्या शब्दांना लावलेली अवतरणं, म्हणजे ‘मेंटेनन्स’ आणि ‘ऑफिस’, यांत ‘म्हणे’ घातल्यानं टोमणा दिसत नाही, पण चिन्ह तरी कामाचं नाही. तिथे लिहिणारा हळूच माफी मागत असतो: शब्द इंग्रजी आहे, सुचला तो लिहिला, राग मानू नका. मेंटेनन्स, ऑफिस, फाईल, मीटिंग, बिल हे शब्द आपण दिवसभर बोलतो, त्यांची माफी कुणाकडे मागायची? ‘जुगाड’, ‘खटपट’, ‘वशिला’ अशा घरगुती शब्दांनाही लोक अवतरणात बसवतात. शब्द मेलमध्ये शोभत नाही असं वाटत असेल तर दुसरा घ्या. शोभत असेल तर उघडा लिहा.

मेल शब्दाशब्दानं तपासू

माझ्या मेलमध्ये अवतरणाच्या दहा जोड्या होत्या. एक ‘Remarks’ सोडली तर नऊ उडाल्या. पण नुसतं चिन्ह पुसून काम भागलं ते थोड्याच ठिकाणी, आणि यात मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

‘सफाई’, ‘मेंटेनन्स’, ‘ऑफिस’ आणि ‘सहकार्य’ इथे चिन्ह पुसलं की झालं. ‘ऑफिस’च्या बाबतीत एक बारकी गोष्ट बघा. अवतरण असताना मला प्रत्यय बाहेर चिकटवावा लागला होता, ‘ऑफिस’मध्ये. अवतरणामुळे शब्द गोठतो, त्याचं सामान्यरूप नीट होत नाही. चिन्ह गेल्यावर ऑफिसात असं सरळ लिहिता आलं. ‘पुणे’मध्ये, ‘पैसे’साठी असं काही लिहिलं जायला लागलं की समजावं, अवतरण नको तिथे आलं आहे, पुण्यात, पैशांसाठी हेच नैसर्गिक. वर्तमानपत्राचं, नाटकाचं किंवा पुस्तकाचं नाव असेल तर मात्र शब्द गोठवणं हाच हेतू असतो. ‘दर्पण’मध्ये, ‘केसरी’चा अग्रलेख हे बरोबरच आहे. तिथे अवतरण काढलं तर केसरी रंग की केसरी पत्र, असा घोळ होईल.

‘मोफत’ची गंमत वेगळी निघाली. चिन्ह पुसून वाचलं तर लक्षात आलं की टँकर मोफत नव्हताच. त्याचे पैसे सोसायटीच्या निधीतून, म्हणजे सभासदांच्याच खिशातून जाणार होते. लिहिताना मनात कुठेतरी ते माहीत होतं, म्हणून हातानं आपसूक अवतरण घातलं. ‘एकमताने’चंही तसंच. ठराव बहुमतानं झाला होता, आणि ज्यांनी विरोध केला होता त्यांनी मला बरोबर पकडलं. शब्दावर आपला पुरता भरवसा नसतो तेव्हा अवतरण आडोशाला घेतलं जातं. अशा वेळी चिन्ह काढून शब्द तसाच ठेवला तर मेल आधीपेक्षा जास्त खोटा होतो. तिथे शब्दच बदलायचा.

राहिले ‘महत्त्वाची’, ‘सन्माननीय’ आणि ‘ताबडतोब’. हे जोर देण्यासाठी होते. यांचं काय करायचं, त्यासाठी मोडी पत्रांकडे परत जावं लागेल.

चिन्हाशिवाय जोर कसा द्यायचा

मराठीत जोर देण्याची दोन साधनं भाषेतच आहेत, आणि दोन्ही फुकट आहेत. खरोखरची फुकट.

पहिलं म्हणजे ‘च’. आज भरा आणि आजच भरा यांतला फरक कुठल्याही चिन्हानं येत नाही. ‘ही’, ‘तर’, ‘मात्र’, ‘फक्त’ हे त्याचेच भाऊबंद. फक्त एका वाक्यात एकच ‘च’ ठेवावा. ‘आजच’ असं अवतरणात लिहिणारेही असतात; तो जोरावर जोर झाला, आणि दोन्ही मिळून धमकीसारखं वाचलं जातं.

दुसरं साधन जागा. मराठी वाक्यात क्रियापदाच्या लगेच आधी जो शब्द येतो त्यावर वजन पडतं. ‘रविवारी पाणी येणार नाही’ म्हटलं की पाण्यावर भर. ‘पाणी रविवारी येणार नाही’ म्हटलं की वाचणारा विचारतो, मग कोणत्या वारी येणार? शब्द तेच, फक्त जागा बदलली. तेव्हा जो शब्द अवतरणात घालावासा वाटतो तो आधी क्रियापदाजवळ सरकवून बघावा. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

आणि ‘ताबडतोब’सारखा शब्द मुळात पोकळ असतो. ताबडतोब म्हणजे कधी? आज, की पगार झाल्यावर? त्याला अवतरण लावा, ठळक करा, लाल करा, प्रश्न तिथेच राहतो. त्याच्या जागी तारीख घातली की जोर आपोआप येतो. ‘महत्त्वाची सूचना’ हे तसंच. विषयाच्या ओळीत महत्त्व सांगण्याऐवजी सूचनाच लिहिली तर न उघडताही मेलचं काम होतं.

ठळक अक्षरांचं काय? वापरा, पण मेलभर एकदाच, आणि तेही तारीख किंवा वेळ यासाठी. ठळकपणावर पूर्ण विसंबू नये, कारण तो टिकत नाही. मोबाइलवर सूचना झळकते तेव्हा तिच्यात अक्षरं साधीच दिसतात, साध्या मजकुराच्या मेलमध्ये तो उरत नाही, आणि कुणी तोच मजकूर उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर बहुधा तिथेही गळून पडतो. वाक्य ठळकपणा काढूनही उभं राहायला हवं.

दुरुस्त झालेला मेल

दुरुस्त करताना एक मेल दोन झाले, कारण पाणी बंद राहणं आणि थकबाकी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. अवतरणं काढली तेव्हाच ते दिसलं. आधी सगळंच सारखं ओरडत होतं.

> विषय: रविवारी सकाळी ८ ते दुपारी २ पाणी बंद
>
> सर्व सभासदांस,
>
> येत्या रविवारी दोन्ही टाक्या धुवायच्या आहेत. त्यामुळे सकाळी ८ ते दुपारी २ नळाला पाणी येणार नाही. त्या वेळेत गेटपाशी टँकर उभा राहील. त्याचा खर्च सोसायटीच्या निधीतून केला जाईल, वेगळे पैसे घेतले जाणार नाहीत. आदल्या रात्री पाणी भरून ठेवावे.

> विषय: थकलेला मेंटेनन्स १० तारखेपर्यंत भरण्याबाबत
>
> सर्व सभासदांस,
>
> ज्यांचा मेंटेनन्स थकला आहे त्यांनी तो या महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरावा. ११ तारखेपासून व्याज लागेल. हा निर्णय समितीच्या सभेत बहुमताने झाला आहे. ऑनलाइन भरताना ‘Remarks’ या रकान्यात फ्लॅट क्रमांक लिहावा. पावती सोसायटीच्या ऑफिसात मिळेल.

दुसरा मेल जरा कडक वाटतो, हे खरं. पण तो कडकपणा उघड आहे. आधीच्या मेलमध्ये तो तिरकस होता.

जिथे हात लावू नये

दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे देत असाल तर अवतरण काढणं ही चूक ठरेल. “प्लंबरने ‘वॉल्व्ह बदलल्याशिवाय गळती थांबणार नाही’ असे सांगितले” यात चिन्ह काढलं तर ते मत तुमचं होतं, आणि पुढे वॉल्व्ह बदलूनही गळती राहिली तर जाब तुम्हाला द्यावा लागतो. उलट, त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत लिहिलं असेल तर अवतरण लावू नये. त्यानं न उच्चारलेले शब्द त्याच्या तोंडी घातल्यासारखं होतं.

शब्दाबद्दलच बोलत असाल तर अवतरण हवं. “अर्जात ‘वारस’ऐवजी ‘नामनिर्देशित’ असे लिहावे” हे चिन्हांशिवाय वाचताच येणार नाही. या लेखातही मी तेच करतो आहे, मोजून बघू नका. करारवजा मेलमध्ये ‘यापुढे संस्था असा उल्लेख’ करताना पहिल्यांदा ‘संस्था’ अवतरणात ठेवावी. त्यापुढे प्रत्येक ठिकाणी ठेवली तर दहाव्या ओळीला वाचणाऱ्याला वाटू लागतं की संस्थेची नोंदणी तरी झाली आहे ना!

पासवर्ड, खातेक्रमांक, आयएफएससी कोड अशा गोष्टी नकलून चिकटवायच्या असतात. त्या पडद्यावरच्या नावांसारख्या वाटल्या तरी अवतरणात ठेवू नयेत. लोक चिन्हासकट नक्कल करतात आणि मग पासवर्ड चुकला म्हणून फोन करतात. त्या वेगळ्या ओळीवर, मागेपुढे पूर्णविरामसुद्धा न ठेवता लिहाव्यात.

आणि शोकाच्या मेलमध्ये, कुठल्याही कारणानं, एकही अवतरण नको. “आपल्या ‘दुःखात’ आम्ही सहभागी आहोत” असं वाक्य मी एका कार्यालयाच्या मेलमध्ये वाचलं आहे. लिहिणाऱ्याला खरंच वाईट वाटलं होतं. पण ज्यांच्या घरात माणूस गेलं त्यांना ते दोन ठिपके कसे दिसले असतील?

शोधायची आणि पुसायची रीत

लांब मेल असेल तर नजरेनं शोधू नका, चुकतात. वर्डमध्ये Ctrl+F दाबून आधी दुहेरी आणि मग एकेरी चिन्ह शोधा. वळणदार आणि सरळ अशी दोन प्रकारची चिन्हं असतात, आणि आपल्या मजकुरात ती हमखास मिसळलेली असतात. इनस्क्रिप्टच्या नेहमीच्या मांडणीत अवतरणाच्या कळेवर ट आणि ठ बसलेले आहेत, त्यामुळे चिन्हासाठी माणूस इंग्रजीत जातो आणि परत येतो. कधी प्रोग्रॅम चिन्ह वळवून देतो, कधी देत नाही. (एवढा खटाटोप करून लोक ‘सहकार्य’ला अवतरण घालतात, याचं मला अजून नवल वाटतं.) म्हणून दोन्ही प्रकार शोधून पाहावेत.

सगळी चिन्हं एका झटक्यात ‘Replace All’नं उडवू नका. त्यात ‘Remarks’ आणि प्लंबरचं वाक्यही जातं. एकेक जोडी बघा, म्हणे-कसोटी लावा, आणि काढायची तर दोन्ही टोकं काढा. घाईत उघडणारं चिन्ह पुसलं जातं आणि मिटणारं लटकत राहतं. शेवटी उरलेली चिन्हं मोजावीत, ती सम संख्येत हवीत. मेल पोहोचल्यावर चिन्हांच्या जागी `â€œ` असला कचरा दिसला तर तो तुमच्या व्याकरणाचा दोष नाही. वळणदार चिन्ह एका संकेतप्रणालीत गेलं आणि दुसरीत वाचलं गेलं, एवढंच.

दुसऱ्याच्या मसुद्यात

वरिष्ठांच्या मसुद्यातली अवतरणं पुसणं जरा नाजूक काम आहे. ‘हे चूक आहे’ म्हटलं तर ते शाळेचा नियम दाखवतील, आणि नियम त्यांच्या बाजूनं आहे. मी वाद घालत नाही. तेच वाक्य ‘म्हणे’ घालून त्यांना वाचून दाखवतो. आणि मला असा मेल आला तर उत्तर देण्याआधी मी धरून चालतो की बिचाऱ्याला नुसता जोर द्यायचा होता. बहुतेक वेळा तसंच असतं.

आमच्या अध्यक्षांना मी दुरुस्त केलेले दोन्ही मेल दाखवले. त्यांनी नऊच्या नऊ अवतरणं गेलेली मान्य केली, मग चष्मा सारून म्हणाले, “पण सन्माननीय हवंच. सभासद आहेत ते.” आणि स्वतःच्या हातानं शब्द परत टाइप केला, बिनअवतरणाचा. तो मी तसाच राहू दिला. काकूंचं उत्तर या वेळीही आलं: टँकर किती वाजता येणार?